पलंग क्रमांक १४ चं पत्र

१४ मार्च २०२३ ला सकाळी केंद्रात फोन आला. ठाण्याहून एक गृहस्थ बोलत होते. मूळचे मिरजेचे, नोकरीनिमित्त तिकडेच स्थायिक झालेले. आदल्या जूनमध्ये त्यांनी आईच्या स्मरणार्थ आमच्या संस्थेला २१,००० रुपये दिले होते. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, तेव्हा पलंग घ्यायचा म्हणाला होतात. घेतलात का?"

मी म्हटलं, "तुम्हाला आभाराचं पत्र मिळालं ना?"

"मिळालं. पण त्यातून काही कळलं नाही, म्हणून फोन केला."

त्या पत्रावर सही माझी होती. मी त्यांना दोन दिवसांत कळवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. ज्या पलंगाबद्दल ते विचारत होते तो त्या वेळी माझ्या पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवलेला होता, तीन दिवसांपूर्वीच एका घरून परत आलेला. मला तेव्हा ते ठाऊकही नव्हतं.

आमची संस्था लहान आहे. मिरजेत रुग्णसाहित्य केंद्र चालवतो. दवाखान्यातून घरी नेलेल्या रुग्णाला लागणारं सामान, म्हणजे फाउलर कॉट नावाचा हँडलनं पाठ उभी करता येणारा पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, अनामत रक्कम ठेवून घेऊन वापरायला देतो. गरज संपली की सामान परत येतं, धुऊन-पुसून पुढच्या घरी जातं. मिरजेला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही रुग्ण येतात, त्यामुळे सामान फार काळ पडून राहत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी इथं पत्रव्यवहार बघायला लागले. खजिनदार हिशेब बघतात आणि सामानाची देवघेव आमचे एक काका बघतात. ते सत्तरीचे आहेत, पण कुठली व्हीलचेअर कुठल्या गावात आहे हे रजिस्टर न उघडता सांगतात.

फोन झाल्यावर मी आधी ते जुनं पत्र काढून वाचलं. ते असं होतं:

"सप्रेम नमस्कार. आपण आमच्या संस्थेस दिलेल्या रु. २१,०००/- (अक्षरी रुपये एकवीस हजार फक्त) या उदार देणगीबद्दल संस्था आपली शतशः ऋणी आहे. आपल्यासारख्या दानशूर, सहृदय व समाजाभिमुख व्यक्तींच्या पाठबळावरच रुग्णसेवेचा हा नंदादीप अखंड तेवत आहे. आपला हा मोलाचा हातभार अनेक गरजू रुग्णांच्या जीवनात आशेचा किरण ठरेल, यात शंका नाही. आपले असेच सहकार्य यापुढेही लाभत राहो, ही विनंती. कळावे, लोभ असावा."

हा मजकूर संस्थेच्या पहिल्या काही वर्षांत कुणीतरी टाइप केलेला. तेव्हापासून फक्त नाव, तारीख आणि रक्कम बदलत आलो होतो. मी लेटरहेडवर हात ठेवून ते पुन्हा वाचलं. रुग्ण हा शब्द दोनदा आहे म्हणून, नाहीतर हे पत्र गोशाळेनं पाठवलं की वाचनालयानं, काही सांगता आलं नसतं. पलंगाचा उल्लेख नाही. आईचा उल्लेख नाही. ज्या गृहस्थांनी स्वतःचं नाव कुठं लावायलाही नको म्हटलं होतं, त्यांना आम्ही तीन विशेषणं चिकटवली होती. कॉटच्या पायथ्याशी देणगीदाराचं नाव रंगवायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यांनी तेही नाकारलं होतं. म्हणजे त्यांच्या देणगीची खूण त्यांच्यापर्यंत पोचवणारा एकच कागद होता, आणि त्यावर आम्ही हे लिहिलं होतं.

मला वाटलं होतं की हे भाषेचं काम आहे, दुपारभरात होईल. कागद घेऊन बसले आणि पहिल्याच वाक्याशी अडले. "आपल्या देणगीतून" इथवर लिहिलं, पुढं काय लिहायचं तेच मला माहीत नव्हतं.

देणगीची पावती खजिनदारांच्या पावतीपुस्तकात. खरेदीचं बिल बिलांच्या फाइलमध्ये. पलंग कुणाकडे गेला ते काकांच्या देवघेव रजिस्टरमध्ये. तिन्ही ठिकाणच्या नोंदी चोख होत्या, पण एकातून दुसरीकडे जायला वाट नव्हती. पावतीवर पलंगाचा क्रमांक नाही आणि पलंगाच्या नोंदीसमोर पावतीचा क्रमांक नाही. २०२२ च्या जूनमध्ये आम्ही दोन कॉट घेतल्या होत्या, एक २५ जूनच्या बिलावर आणि एक ३० जूनच्या. यांतली कुठली त्यांची? खजिनदारांनी बँकेचं पासबुक बिलांशी ताडून पाहिलं. ३० तारखेची कॉट एका कारखान्याच्या कामगारांनी दिलेल्या वर्गणीतून होती, ते त्यांच्या पत्रावरून नक्की झालं. मग २५ जूनचं बिल उरलं. फाउलर कॉट १५,८०० रुपये, तिची रेक्झिनची गादी २,६०० रुपये, एअर बेड २,२०० रुपये. बेरीज २०,६००. राहिलेले ४०० टेम्पोवाल्याच्या पावतीत सापडले. हे जुळवायला दोन दिवस गेले. कॉटच्या डोक्याकडच्या पाइपवर पांढऱ्या रंगात १४ लिहिलेलं होतं.

मग काकांनी रजिस्टर उघडलं. क्रमांक १४ च्या चार नोंदी होत्या. २ जुलै ते १९ सप्टेंबर, २६ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, २० ऑक्टोबर ते ८ जानेवारी, १७ जानेवारी ते ११ मार्च. मी दिवस मोजले ते २३४ आले, काकांचे २३० आले. फरक कुठून आला ते बघितलं तर मी नेल्याचा आणि परत आणल्याचा असे दोन्ही दिवस धरत होते. काका रात्री मोजतात. "रात्री पलंगावर कोण झोपलं तेवढंच खरं," असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं, आणि तेव्हापासून आम्ही रात्रीच मोजतो. चार घरं, २३० रात्री. मधल्या २२ रात्री कॉट केंद्रात होती. त्यांतल्या ९ जानेवारीतल्या, कारण पाठ वर उचलायच्या हँडलचा स्क्रू गंजून अडकला होता. घरचे लोक स्वच्छतेसाठी कॉटवर बादलीनं पाणी ओततात, ते खाली स्क्रूच्या आट्यांत जातं. सोडवून, घासून, ग्रीस लावून मग ती पुढं गेली.

आता माझ्याकडे आकडे होते. त्या उत्साहात मी पहिला मसुदा लिहिला. त्यात एक वाक्य होतं, "खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी आपल्या पलंगामुळे पुन्हा चालू लागल्या."

काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ताई, त्या चालायला लागल्या हे खरं. पण पलंगानं नाही चालवलं त्यांना. ऑपरेशन झालं, व्यायाम शिकवायला रोज माणूस येत होता, आणि सून. सून नसती तर काही खरं नव्हतं."

मला आधी जरा लागलं. नंदादीप काढून मी खरी घटना लिहिली होती, खरी माणसं लिहिली होती, तरी वाक्य खोटं ठरलं होतं. घटना खरी होती, पण तिचं श्रेय मी ज्याला दिलं ते चूक होतं. आणि असं श्रेय देणं ही दात्याची स्तुतीच असते, फक्त तिला विशेषण नसतं. "तुम्ही दानशूर आहात" यापेक्षा "तुम्ही आजींना चालतं केलंत" हे जास्त मोठं कौतुक आहे, आणि तितकंच निराधार.

मग पलंगानं नक्की केलं काय? हे केंद्रात बसून कुणालाच सांगता येईना. म्हणून मी त्या घरी गेले.

गाव मिरजेच्या पूर्वेला, बसनं पाऊण तासावर. सुनेनं चहा केला. मी विचारलं, पलंग यायच्या आधी कसं करत होता? ती म्हणाली, दवाखान्यातून आणल्यावर आत्यांना पहिले चार दिवस लाकडी दिवाणावर ठेवलं होतं. दिवाण बुटका. भरवताना, कूस बदलताना, भांडं देताना दोघं लागायचे, एकटीला उचलता यायचं नाही. त्यामुळे नवरा कामावर गेलाच नव्हता. तो एका वर्कशॉपमध्ये आहे, रोजावर. पलंग आल्यावर हँडल फिरवून पाठ उभी करता यायला लागली, उंचीमुळे तिला वाकावं लागेना, आणि ती दिवसा एकटी सगळं करू शकायला लागली. "पलंग आला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले," ती म्हणाली.

हे ते वाक्य होतं. मी वहीत तसंच लिहून घेतलं. केंद्रात बसून मी दहा मसुदे केले असते तरी मला हे सुचलं नसतं, कारण मी पलंग रुग्णासाठी आहे असं धरून चालले होते. त्याचा मोठा उपयोग सांभाळणाऱ्या माणसाला झाला होता.

निघताना मी विचारलं, हे आम्ही ज्यांनी पलंग दिला त्यांना पत्रात कळवू का? नाव घालणार नाही. ती म्हणाली, कळवा, पण गावाचं नावही नको, पाहुण्यांच्यात उगाच विषय होतो. म्हणून पत्रात गावाचं नाव नाही आणि इथंही मी ते लिहिलेलं नाही.

दुसऱ्या घरी पलंग फक्त १८ रात्री होता. अर्धांगवायू झालेले वयस्क गृहस्थ, ते वारले. त्या घरी फोन करायला मला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी केला. मुलगा बोलला, व्यवस्थित बोलला. वडलांना गिळताना ठसका लागायचा, पाठ उभी करून भरवलं की कमी लागायचा, असं त्यानं सांगितलं. "लिहा तुम्ही," म्हणाला. "दवाखान्यात नाही, घरी गेले ते. एवढं लिहा."

तिसऱ्या घरच्यांनी आमच्याबद्दल काही लिहू नका असं सांगितलं. अपघाताची केस होती, पोलिसात प्रकरण चालू होतं. चौथ्या घरचा फोन लागलाच नाही. त्यामुळे पत्रात त्या दोन घरांच्या फक्त रात्री आहेत. ते तसंच ठेवायचं ठरलं. भर घालायला दुसऱ्याच कुठल्या रुग्णाची हकिकत तिथं बसवणं सोपं होतं, आणि कुणाला कळलंही नसतं. पण ती हकिकत या एकवीस हजारांची नव्हती.

सर्वात मोठा वाद एअर बेडवरून झाला. एअर बेड म्हणजे पंपावर चालणारी, आळीपाळीनं फुगणाऱ्या कप्प्यांची गादी. एकाच जागी दाब राहून बेडसोर होऊ नयेत म्हणून ती कॉटवरच्या गादीवर अंथरतात. क्रमांक १४ बरोबर घेतलेला एअर बेड दुसऱ्या घरून परत आला तेव्हा त्याच्या दोन कप्प्यांतून हवा जात होती. चादर पक्की बसावी म्हणून कुणीतरी सेफ्टी पिना लावल्या होत्या. चिकटपट्टी लावून पाहिली, टिकली नाही. पंप चांगला आहे, तो आम्ही सुटा ठेवलाय, पण गादी टाकून द्यावी लागली. साडेतीन महिनेसुद्धा ती चालली नाही.

खजिनदार म्हणाले, "हे कशाला कळवायचं? देणगीदाराला वाटेल यांना सामान सांभाळता येत नाही."

मी म्हटलं, बावीसशे रुपये त्यांचे होते.

ते म्हणाले, "मग एअर बेडचा उल्लेखच करू नका. कॉट घेतली एवढंच लिहा."

पण मग बेरीज जुळत नव्हती. १५,८०० आणि २,६०० मिळून १८,४०० होतात. बाकीच्या रकमेचं काय लिहायचं? खजिनदार स्वतः हिशेबाचा माणूस. बेरीज जुळत नाही म्हटल्यावर ते गप्प झाले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मग पुढं काय केलं तेही लिहा. पिना लावू नका असं आपण आता सांगतो, ते." खरं म्हणजे तेव्हा आम्ही सांगत नव्हतो. त्या दिवसापासून सांगायला लागलो. काका आता एअर बेड देताना चादर कशी खोचायची ते करून दाखवतात आणि पंपावर मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवली आहे.

शेवटचं वाक्यही काढलं. "आपले असेच सहकार्य यापुढेही लाभत राहो." खजिनदारांना ते हवं होतं, आणि त्यांचंही बरोबर आहे, देणग्यांवरच केंद्राचं भाडं निघतं. पण ज्या पत्रात आपण घेतलेल्या पैशांचा हिशेब देतोय त्याच पत्रात पुढचे पैसे मागितले, तर तो हिशेब मागणीची प्रस्तावना होऊन बसतो. मागायचं असेल तेव्हा वेगळं पत्र लिहू आणि त्यात उघड मागू, असं ठरलं.

१० एप्रिलला पत्र गेलं ते असं:

"सप्रेम नमस्कार.

आपण ११ जून २०२२ रोजी आईंच्या स्मरणार्थ २१,००० रुपये दिलेत. त्यांतून काय झालं हे कळवायला आम्ही दहा महिने लावले, त्याबद्दल दिलगीर आहोत.

२५ जूनला या रकमेतून एक फाउलर कॉट (१५,८०० रुपये), तिची गादी (२,६०० रुपये) आणि एक एअर बेड (२,२०० रुपये) घेतला. राहिलेले ४०० रुपये सामान केंद्रात आणण्याच्या टेम्पोभाड्याला गेले. आमच्याकडे या कॉटचा क्रमांक १४ आहे.

२ जुलै २०२२ ते ११ मार्च २०२३ या काळात ही कॉट चार घरांत मिळून २३० रात्री वापरली गेली. एका घरी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. कॉट येण्यापूर्वी त्यांना उचलायला दोन माणसं लागत, म्हणून त्यांचा मुलगा कामावर जाऊ शकत नव्हता. कॉट आल्यावर सून एकटी त्यांचं सर्व करू शकली आणि मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. दुसऱ्या घरी अर्धांगवायू झालेले एक गृहस्थ १८ रात्री या कॉटवर होते. पाठ उभी करून भरवल्यावर ठसका कमी लागे, असं त्यांच्या मुलानं सांगितलं. त्यांचं निधन घरीच झालं. उरलेल्या दोन घरांपैकी एका कुटुंबानं तपशील न देण्याची विनंती केली आहे आणि एकाशी संपर्क होऊ शकला नाही.

प्रत्येक घराकडून आम्ही ३,००० रुपये अनामत घेतो, ती परत करतो. महिना ३०० रुपये सेवाशुल्क घेतो, ते दुरुस्तीला वापरतो. जानेवारीत कॉटचं हँडल अडकलं होतं, ते दुरुस्त केलं.

एअर बेड ऑक्टोबरमध्ये निकामी झाला. चादरीला लावलेल्या पिनांनी त्याला भोकं पडली. पंप चांगला असून आमच्याकडे आहे. पिना लावू नयेत, हे आम्ही कुटुंबांना आधी सांगत नव्हतो, आता सांगतो.

कॉट सध्या केंद्रात आहे आणि पुढच्या घरी जाण्यासाठी तयार आहे. आपण मिरजेला आलात तर रजिस्टर आणि बिलं पाहता येतील.

आपले आभार."

आभार हा शब्द एकदाच आला, शेवटी. कार्यवाहांना पत्र कोरडं वाटलं. त्यांनी "आपल्या मातोश्रींच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन" घालायला सुचवलं होतं. मी म्हटलं, त्यांच्या आईला आपण कुणी ओळखत नव्हतो. "आईंच्या स्मरणार्थ" हे शब्द त्यांनी स्वतः चेकसोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले होते, तेवढेच घेतले.

करसवलतीची कागदपत्रं या पत्रात मिसळली नाहीत. ८०जीची पावती देणगी आली तेव्हाच दिली होती. शिवाय २०२१-२२ पासून संस्थेला दरवर्षी देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते काम खजिनदारांचं, आणि त्याला त्याची तारीख आहे. या पत्राला सरकारी तारीख नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं राहून गेलं होतं. आता आम्ही दोन कागद पाठवतो. आठवड्याच्या आत पावती आणि तिच्यासोबत दोन ओळी, की या पैशांतून काय घ्यायचा विचार आहे आणि अंदाजे केव्हा कळवू. वस्तू निदान दोन घरांत जाऊन आली की दुसरं पत्र.

मोठ्या देणगीचं हे जमलं. खरी अडचण ५०१ आणि १,००१ रुपयांच्या देणग्यांची होती, आणि आमच्याकडे त्याच जास्त. वाढदिवसाला, श्राद्धाला, पहिल्या पगारातून लोक देतात. ते पैसे सर्वसाधारण निधीत एकत्र होतात आणि भाडं, टेम्पो, सामान धुणाऱ्या मावशींचा पगार, दुरुस्ती यांत जातात. कुणाचे ५०१ कशात गेले हे सांगताच येत नाही. "आपल्या ५०१ रुपयांतून एका आजोबांना वॉकर मिळाला" असं लिहिणाऱ्या संस्था असतात, पण आमच्या निधीबाबत ते खरं नसतं, आणि वॉकर ५०१ रुपयांत येतही नाही.

म्हणून त्यांना आम्ही तसंच लिहितो की आपले पैसे सर्वसाधारण निधीत जमा झाले, त्यात या वर्षी इतक्या जणांच्या देणग्या आहेत, आणि त्या निधीतून झालेल्या कामांपैकी एक काम असं. पहिल्या वर्षी मी रबरी बुटांचं काम निवडलं. वॉकरच्या चार पायांना रबराचे बूट असतात. ते झिजून आतली नळी उघडी पडली की वॉकर फरशीवर सरकतो, आणि चालायला आधार म्हणून घेतलेल्या वस्तूनंच माणूस पडतो. चार बुटांचा संच तेव्हा १२० रुपयांना पडला. परत आलेला प्रत्येक वॉकर काका उलटा करून बघतात, त्या वर्षी त्यांनी ११ वॉकरचे बूट बदलले. पत्रात एवढंच लिहिलं. मावशींच्या पगाराचं वाक्यही मी घातलं, कारण निधीतला मोठा वाटा तिथं जातो आणि फेनाईलनं धुतल्याशिवाय एका घरची कमोड खुर्ची दुसऱ्या घरी देता येत नाही. पगारावर पैसे जातात हे लपवावं असं मला कधीच वाटलं नाही.

रजिस्टरमध्ये दोन बदल केले. वस्तूच्या पहिल्या पानावर "कोणत्या पावतीतून" असा रकाना आला, आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर वस्तूचा क्रमांक लिहायला लागलो. सामान परत आलं की काका दोन प्रश्न विचारतात, हे यायच्या आधी कसं करत होता आणि आल्यावर काय बदललं. उत्तर एका ओळीत, त्यांच्याच शब्दांत लिहितात. काही लोक घाईत असतात, काही रडवेले असतात, तेव्हा ते विचारत नाहीत आणि रकाना रिकामा राहतो.

तरी घसरायला होतंच. ऑगस्टमध्ये एका नव्या कार्यकर्त्यानं लिहिलेलं व्हीलचेअरचं पत्र सहीला आलं. त्यात "पाठ उभी करून भरवता येऊ लागलं" असं वाक्य होतं. साध्या व्हीलचेअरला पाठ उभी करायचं हँडल नसतं. त्यानं क्रमांक १४ चं पत्र समोर ठेवून शब्द बदलले होते. दोन-तीन वर्षांत हे पत्रही जुन्या पत्रासारखंच छापील झालं असतं. म्हणून आता पत्राचा नमुना कुणालाच देत नाही. वस्तूचं रजिस्टर उघडून समोर ठेवायचं आणि त्यावरून लिहायचं. वेळ लागतो, महिन्याला पाच-सहा पत्रांपेक्षा जास्त होत नाहीत.

ठाण्याच्या गृहस्थांचा पत्र मिळाल्यावर फोन आला. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "ते हँडल आता नीट फिरतं का? आमच्या आईच्या कॉटचं पण अडकायचं." मी काकांना फोन दिला. दोघं बराच वेळ ग्रीसबद्दल बोलत होते, कुठलं चांगलं, किती दिवसांनी लावायचं. त्याच दुपारी क्रमांक १४ पाचव्या घरी गेली. जाण्याआधी काकांनी दोन्ही हँडलं पुन्हा एकदा फिरवून बघितली.